‘जवळचा’ सर्व्हर नक्की कोण ठरवतं?

प्रश्न: पुण्यात घरच्या ब्रॉडबँडवरून एका सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्याला पिंग केलं की ४ मिलिसेकंदांत उत्तर येतं. नाशिकला भावाच्या घरून तोच पत्ता, तर ६२. म्हणे हा एनीकास्ट पत्ता आहे, शेकडो सर्व्हरना एकच आयपी, आणि ट्रॅफिक जवळच्याकडे जातो. पण आमच्या ऑफिसात दोन पीसींना चुकून एकच आयपी दिला तर लगेच कॉन्फ्लिक्ट येतो, मग जगभर तो कसा येत नाही? आणि जवळचाच मिळतो तर नाशिकला ६२ का? आमच्या कंपनीचा मुंबईत एक आणि सिंगापूरला एक सर्व्हर आहे, तिथे हे करता येईल का?

उत्तर: ऑफिसातल्या कॉन्फ्लिक्टपासून सुरुवात करू. एका लॅनमध्ये पॅकेट पोचवायचं असेल तर आधी ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी आरोळी सगळ्यांना ऐकू जाते. त्याला एआरपी म्हणतात. दोन पीसींना एकच आयपी असेल तर दोघेही ‘माझा’ म्हणतात, कधी याचं ऐकलं जातं कधी त्याचं, आणि दोघांचंही काम बिघडतं. भांडण होतं कारण दोघे एकाच खोलीत आहेत आणि आरोळी दोघांनाही ऐकू येते.

मुंबईतला सर्व्हर आणि फ्रँकफर्टमधला सर्व्हर एका खोलीत नाहीत. त्यांच्यामध्ये राउटर आहेत आणि राउटर अशी आरोळी पलीकडे जाऊ देत नाहीत. ते एकेका पत्त्याची नोंदही ठेवत नाहीत, पत्त्यांच्या गटाची ठेवतात. आयपीव्ही४ मध्ये जगभर स्वीकारला जाणारा सर्वांत लहान गट म्हणजे `/24`, म्हणजे २५६ पत्ते. शेजारचं नेटवर्क बीजीपीतून, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषेतून, सांगतं, ‘हा गट माझ्यामार्फत गाठता येईल, वाटेत अमुक अमुक नेटवर्कं लागतील.’ अशी एकाच गटाची जाहिरात दोन-चार बाजूंनी ऐकू येणं राउटरला नवीन नाही. दोन कंपन्यांकडून लाइन घेतलेल्या कुठल्याही बँकेच्या बाबतीत तसंच घडतं.

एनीकास्टमध्ये याच गोष्टीचा फायदा घेतलेला आहे. तोच `/24` मुंबईतून जाहीर करायचा, सिंगापूरहून करायचा आणि फ्रँकफर्टहूनही करायचा. राउटरला वाटतं एकाच गावाला जाणारे तीन रस्ते आहेत. प्रत्यक्षात ती एकाच नावाची तीन गावं आहेत, पण ते कळण्याची त्याला सोय नाही आणि गरजही नाही. त्याला एक रस्ता निवडायचा असतो, तो निवडतो. पत्त्यावर एनीकास्टची कुठलीही खूण नसते. उद्या मी दोन ठिकाणची जाहिरात बंद केली तर तोच पत्ता साधा पत्ता होईल आणि बाहेर कोणाला पत्ताही लागणार नाही (कोटी अनवधानाने झाली, राहू दे).

हे प्रकरण मोठं झालं ते रूट सर्व्हरांमुळे, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्या सर्व्हरांमुळे. जुन्या डीएनएसमध्ये यूडीपीचं उत्तर ५१२ बाइटांत बसवायचं बंधन होतं, त्यात तेराच रूट सर्व्हरांची नावं आणि पत्ते मावत होते. पत्ते वाढवता येत नव्हते, पण एकेका पत्त्यामागची यंत्रं वाढवता येत होती. २१ ऑक्टोबर २००२ ला तेराही पत्त्यांवर एकदम हल्ला झाला, तेव्हापासून कामाला वेग आला. फेब्रुवारी २००७ मध्ये पुन्हा हल्ला झाला, तेव्हा ज्या रूट सर्व्हरांना ठळक त्रास झाला ते दोनच होते, `g` आणि `l`, आणि हल्ला झालेल्यांपैकी एनीकास्टवर तोवर न आलेलेही तेच दोन. हल्ला करणारी यंत्रं जगभर विखुरलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाचा मारा त्याच्या त्याच्या वाटेवरच्या सर्व्हरवर जाऊन पडतो, एका जागी साठत नाही. आज त्या तेरा पत्त्यांमागे दीड हजारांहून जास्त ठिकाणं आहेत.

आता ‘जवळचा’ या शब्दाकडे येऊ, कारण तुमच्या नाशिकच्या ६२ चं मूळ तिथे आहे. राउटरला किलोमीटर माहीत नाहीत. मिलिसेकंदही माहीत नाहीत. बीजीपी निवड करताना सगळ्यात आधी लोकल प्रेफरन्स पाहतं. हा आकडा त्या नेटवर्कच्या माणसांनी स्वतः घातलेला असतो, जास्त आकडा जिंकतो. तो सारखा असेल तरच पुढे वाटेत किती नेटवर्कं लागतात ते मोजलं जातं. तेही सारखं निघालं तर आणखी काही कसोट्यांनंतर ‘माझ्या हद्दीतून लवकर बाहेर काढणारा रस्ता कुठला’ हे पाहिलं जातं. अंतराशी थोडंफार नातं असलेली कसोटी ही एवढीच, आणि तिची पाळी शेवटी शेवटी येते.

लोकल प्रेफरन्स कशावरून ठरतो? व्यवहारावरून. जवळजवळ प्रत्येक मोठं नेटवर्क स्वतःच्या ग्राहकाकडे जाणाऱ्या रस्त्याला सर्वांत वरचा आकडा देतं, कारण त्या ट्रॅफिकचे पैसे मिळतात. त्याखाली फुकट देवाणघेवाण असलेले शेजारी, म्हणजे पिअर. सर्वांत खाली ज्यांना आपण पैसे देतो ते, म्हणजे ट्रान्झिट. म्हणून ‘जवळचा सर्व्हर’ याचा खरा अर्थ तुमच्या आयएसपीच्या आणि त्याच्या वरच्या कंपनीच्या करारांनुसार जवळचा.

एखाद्या ठिकाणाकडे जेवढा ट्रॅफिक वाहत येतो त्या प्रदेशाला इंग्रजीत ‘कॅचमेंट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला पाणलोट हा चांगला शब्द आहे आणि तो इथे चपखल बसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले तरी एक अरबी समुद्रात जातो आणि दुसरा कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. समुद्र कुठला जवळ याला तिथे किंमत नसते, उतार कुठल्या बाजूला आहे याला असते. तुमचं आणि तुमच्या भावाचं घर अशाच दोन उतारांवर आहे.

हे तर्काने मानू नका, मोजा. आधी पलीकडे कोण आहे ते विचारायचं. बहुतेक एनीकास्ट डीएनएस सर्व्हर स्वतःची ओळख सांगतात. क्लाउडफ्लेअरच्या पत्त्याला आणि रूट सर्व्हर `k` ला असं विचारता येतं:

```
dig CH TXT id.server @1.1.1.1 +short
dig CH TXT hostname.bind @193.0.14.129 +short
```

पहिल्याला विमानतळाच्या कोडात उत्तर मिळतं, `BOM` म्हणजे मुंबई, `SIN` म्हणजे सिंगापूर. दुसऱ्याच्या उत्तरात यंत्राच्या नावातच देश आणि शहर असतं. पुण्याहून आणि नाशिकहून एकाच वेळी विचारा. एक काळजी घ्या: काही आयएसपी आणि काही घरगुती राउटर ५३ पोर्टचा सगळा ट्रॅफिक अडवून स्वतःच्याच डीएनएसकडे वळवतात. तसं असेल तर उत्तर भलत्याच नावाचं येतं किंवा येतच नाही, आणि मग एनीकास्टचा विचार करण्याआधी ती भानगड निस्तरावी लागते.

दुसरी गोष्ट घड्याळ. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २००. पिंगमध्ये जाणं-येणं दोन्ही धरलेलं असतं, म्हणून दर मिलिसेकंदामागे फार तर १०० किलोमीटर. तुमचे ४ मिलिसेकंद म्हणजे तो सर्व्हर ४०० किलोमीटरच्या आतच असणार, कोणी काहीही सांगो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या खाली उत्तर येणं निसर्गालाच शक्य नाही. समुद्रातली केबल श्रीलंकेला वळसा घालून जाते, मधले राउटर आपला वेळ घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात ५५ ते ६५ दिसतात. तुमचे ६२ बघूनच माझं बोट नकाशावर सिंगापूरकडे गेलं. उलट दिशेने मात्र हा नियम चालवू नका. ६२ आले म्हणजे सर्व्हर लांबच आहे असं नाही, गर्दीच्या वाय-फायवर मुंबईचं उत्तरही एवढं उशिरा येऊ शकतं. म्हणून आकड्याबरोबर नाव हवंच.

मी हे सगळं एकदा उत्तर महाराष्ट्रातल्या एका लहान आयएसपीसाठी केलं आहे. नावं सांगत नाही, आणि खालचे नेटवर्क क्रमांक व पत्ते उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतले आहेत. तक्रार तुमचीच होती. ज्या सेवेचं मुंबईत ठिकाण आहे, ती ६० च्या वर. आयएसपीकडे ट्रान्झिटची एकच लाइन होती, तिला `64501` म्हणू. सेवा चालवणारं नेटवर्क `64510`. वाटेतला प्रत्येक टप्पा आणि त्याचा वेळ दाखवणारं एमटीआर लावून पाहिलं तर पॅकेट मुंबईत पोचत होतं, `64501` च्या मुंबईतल्या राउटरवर टेकत होतं, आणि पुढच्याच टप्प्यात आकडा ५ वरून ५८ वर उडी मारत होता. त्या टप्प्याच्या नावात `sin` लिहिलेलं होतं. म्हणजे सेवेचा सर्व्हर ज्या शहरात आहे त्याच शहरातून पॅकेट निघून परदेशी जात होतं.

आयएसपीच्या मालकांना वाटलं सेवेवाल्यांनी काहीतरी चूक केली आहे. त्यांची चूक नव्हती. `64501` च्या लुकिंग ग्लासवर, म्हणजे त्यांचे रस्ते बाहेरच्यांना बघू देणाऱ्या पानावर, गोष्ट उघड झाली. सेवेवाल्यांनी `64501` कडून सिंगापुरात लाइन घेतली होती. मुंबईत मात्र त्यांनी दुसऱ्याच कंपनीकडून घेतली होती आणि ती कंपनी `64501` ची नुसती पिअर होती. त्यामुळे `64501` समोर दोन रस्ते होते: सिंगापूरचा ग्राहकाचा, आणि मुंबईतला पिअरमार्फतचा. ग्राहकाच्या रस्त्याला लोकल प्रेफरन्स जास्त, आणि हा आकडा त्या नेटवर्कच्या आत सर्व शहरांत सारखाच चालतो. म्हणून मुंबईतला राउटरही शेजारचं दार सोडून सिंगापूरला पाठवत होता. नियम प्रत्येकाने बरोबर पाळलेला, फक्त नाशिकच्या माणसाचं पान उशिरा उघडत होतं.

यावर तीन उपाय होते. सेवेवाल्यांनी `64501` कडून मुंबईतही लाइन घेतली असती तर दोन्ही ग्राहकाचेच रस्ते झाले असते, आणि मग लवकर बाहेर काढणाऱ्या कसोटीवर मुंबई जिंकली असती. किंवा सिंगापूरच्या जाहिरातीला ‘माझा प्रेफरन्स कमी धरा’ अशी बीजीपी कम्युनिटी चिकटवता आली असती, `64501` तशी सोय देत असेल तर. हे दोन्ही त्यांच्या हातात, आमच्या नाही. आमच्या हातात तिसरा होता. आयएसपीने मुंबईच्या एका इंटरनेट एक्सचेंजवर, म्हणजे बरीच नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणी, पोर्ट घेतलं, तिथल्या राउट सर्व्हरशी बीजीपी जोडलं, आणि तिथून येणाऱ्या रस्त्यांना प्रेफरन्स २०० दिला. त्यानंतर आयएसपीच्या राउटरवर चित्र असं होतं:

```
   Network         Next Hop      LocPrf  Path
*> 203.0.113.0/24  198.51.100.9     200  64510 i
*  203.0.113.0/24  192.0.2.1        100  64501 64510 i
```

`>` असलेली ओळ निवडलेला रस्ता. पिंग ६० वरून ७ वर आला. जाहिरातींची लांबी वाढवून, म्हणजे स्वतःचाच क्रमांक दोन-तीनदा लिहून, ट्रॅफिक वळवायचा सल्ला बरेच जण देतात. वरच्या प्रकारात त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. वाटेची लांबी मोजायची पाळी प्रेफरन्सनंतर येते आणि इथे निकाल प्रेफरन्सवरच लागलेला होता.

भावाच्या बाबतीत तुम्ही करायचं ते एवढंच: `dig` चं उत्तर आणि एमटीआरचा निकाल, नाशिकचा आणि पुण्याचा दोन्ही, त्याच्या आयएसपीला पाठवा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर राउटर बंद-चालू करायला सांगतात. ‘मुंबईनंतरचा टप्पा सिंगापूर आहे’ म्हटलं की तक्रार नेटवर्क बघणाऱ्या माणसापर्यंत पोचण्याची शक्यता तरी असते.

तुमच्या कंपनीच्या दोन सर्व्हरांकडे वळण्याआधी एनीकास्टमधली माझ्या मते सर्वांत अवघड बाब सांगतो: जाहिरात कधी मागे घ्यायची. सर्व्हर मेला आणि जाहिरात चालू राहिली तर त्या पाणलोटातला सगळा ट्रॅफिक खड्ड्यात जातो, आणि बाकीच्या जगात सगळं ठणठणीत दिसतं. तक्रार एकाच भागातून येते, तुमचं मॉनिटरिंग दुसऱ्या भागात बसलेलं असतं. म्हणून सर्व्हरवरच एक तपासणी चालते. दर काही सेकंदांनी ती सेवेला खरा प्रश्न विचारते आणि उत्तर आलं नाही तर बर्ड किंवा एक्साबीजीपीसारख्या प्रोग्रामला जाहिरात काढायला लावते. ट्रॅफिक मग पुढच्या ठिकाणी वाहतो. ‘खरा प्रश्न’ यावर जोर देतोय, कारण एकदा माझीच तपासणी फक्त प्रोसेस जिवंत आहे का एवढंच बघत होती. डिस्क भरली, प्रोसेस जिवंत राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला त्रुटीचं उत्तर देत राहिली. प्रेत उभं होतं म्हणून कोणी नाडी बघितली नाही.

पण उलटी चूक त्याहून महाग पडते. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. आपल्याकडे सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गेलं आणि साधारण सहा तास बंद राहिलं. कंपनीने नंतर कारण जाहीर केलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. अशी कमांड अडवण्यासाठी असलेल्या साधनात दोष होता, त्यामुळे ती अडली नाही. त्यांचे डीएनएस सर्व्हर लहान लहान ठिकाणी विखुरलेले होते आणि त्यांना नियम दिलेला होता की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपलं ठिकाण आजारी समजून जाहिरात काढून घ्यायची. एका ठिकाणापुरता हा नियम अगदी शहाणा आहे. त्या रात्री मात्र सगळ्यांचाच संपर्क तुटला, सगळ्यांनी स्वतःला आजारी ठरवलं आणि डीएनएसचे पत्ते जगाच्या नकाशावरून पुसले गेले. डीएनएस सर्व्हर चालू होते, त्यांच्याकडे जायला रस्ता उरला नव्हता.

यावर वापरात असलेला एक उपाय सोपा आहे. प्रत्येक ठिकाण तपासणीला बांधलेला `/24` जाहीर करतं. शिवाय एक-दोन भक्कम ठिकाणं त्याला पोटात घेणारा मोठा गट, समजा `/23`, कुठल्याही तपासणीविना कायम जाहीर करत राहतात. राउटर नेहमी जास्त नेमका गट निवडतो, म्हणून रोज `/24` चालतात आणि `/23` कडे कोणी बघतही नाही. सगळे `/24` एकदम गेले तरच ट्रॅफिक तिकडे वळतो. आजारी का होईना, उत्तर द्यायला कोणीतरी असतं.

आता तुमचे दोन सर्व्हर. त्यासाठी निदान एक पूर्ण `/24` हवा, स्वतःचा नेटवर्क क्रमांक, म्हणजे एएस क्रमांक हवा (भारतात हे दोन्ही आयरिन या नोंदणी संस्थेकडून मिळतं), आणि दोन्ही शहरांत बीजीपी बोलू देणारी होस्टिंग कंपनी हवी. एका पत्त्यासाठी २५६ पत्ते अडकतात. शिवाय होस्टिंगवाले दोन्हीकडे वेगवेगळ्या वरच्या कंपन्यांकडून लाइन घेत असतील तर वर सांगितलेली सिंगापूरची गोष्ट तुमच्याच ग्राहकांच्या वाट्याला येईल. मी असतो तर दोन्ही शहरांत एकच ट्रान्झिट देणारी होस्टिंग शोधली असती.

तुम्ही त्या पत्त्यावर काय चालवणार त्यावरही अवलंबून आहे. डीएनएसला एक प्रश्न, एक उत्तर, काम संपलं. मध्येच रस्ता बदलला तरी पुढचा प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे जाईल, कोणाला कळणार नाही. वेबसाइटचं टीसीपी तसं नाही. जोडणी मुंबईच्या सर्व्हरशी झाली, फाइल अर्धी उतरली आणि रस्ता बदलून पॅकेट सिंगापूरला गेलं, तर तिथला सर्व्हर ही जोडणी ओळखत नाही आणि रीसेट पाठवून ती तोडतो. रस्ते रोज उठून बदलत नाहीत, मोठमोठ्या साइट टीसीपीवर एनीकास्ट चालवतात आणि ते नीट चालतं. पण तासभर चालणारा व्हिडिओ कॉल किंवा डेटाबेसची जोडणी मी त्यावर टाकणार नाही. मोठ्यांनी यावर तोड काढली आहे: एनीकास्ट पत्ता फक्त ‘कुठे जायचं’ हे सांगायला, आणि पुढचं लांबलचक काम त्या त्या शहरातल्या साध्या, वेगळ्या पत्त्यावर.

दोन ठिकाणांसाठी तुम्ही नेमकं तेच विकत घेऊ शकता. एनीकास्टवर चालणारी एखादी डीएनएस सेवा घ्या, तिला सांगा की विचारणारा भारतातला असेल तर मुंबईचा पत्ता द्यायचा, आग्नेय आशियातला असेल तर सिंगापूरचा, आणि एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याचा. नोंदीचा टीटीएल, म्हणजे पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, ६० सेकंद ठेवा. एक ठिकाण पडलं तर वळण्याला बीजीपीपेक्षा एखादा मिनिट जास्त लागेल, काही हट्टी रिझॉल्व्हर त्याहूनही जास्त वेळ जुना पत्ता धरून बसतील. पण कोण कुठे जातो हे तुमच्या हातात राहील, तुमच्या ट्रान्झिटवाल्याच्या नाही.